तंद्री की अपस्माराचा झटका?

म्हापशातली सात वर्षांची मुलगी हुमण-भात जेवताना अचानक थांबते. घास हातातच, पापण्या फडफडतात. दहा सेकंदांनी जेवण पुढे सुरू, आणि मधलं काहीच तिला आठवत नाही. असं दिवसातून कितीतरी वेळा.

तंद्री बहुधा कंटाळ्यात लागते आणि खांद्याला हात लावला की मोडते. हा झटका मात्र बोलता-खेळतानाही मध्येच येतो, हलवूनही तुटत नाही. शाळेतल्या बाई मात्र ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळ्या!

मोबाईलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते तिला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. झटके असतील तर बहुतेकदा तिथेच एक येतो, आणि मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या ईईजीत सेकंदाला साधारण तीन टोकदार लहरी उमटतात. तंद्रीत त्या दिसत नाहीत.