वरच्या सुळ्याचा आयओपीए: पॅरललिंग की बायसेक्टिंग?

डिचोलीत नवं डेंटल क्लिनिक उघडणाऱ्या एका मैत्रिणीने गेल्या महिन्यात फोन केला. "ताई, एक्स-रे मशीन ठरलं. फिल्म होल्डरचा सेट आत्ताच घेऊ की पुढे बघू? बोटाने धरूनही कामं होतातच ना?" मी फोंड्यात प्रॅक्टिस करते आणि सुरुवातीची काही वर्षं बोटानेच फिल्म धरायला लावून काढली आहेत. म्हणून तिला सांगितलेलं इथे नीट मांडते. एक आधीच स्पष्ट करते: 'कोन' म्हणजे अँगल आणि ट्यूबचा कोनही कोनच, असा गोंधळ नको म्हणून ट्यूबच्या कोनाला मी नळी म्हणणार आहे.

होल्डरचा प्रश्न म्हणजे खरं तर पद्धतीचा प्रश्न: पॅरललिंगला होल्डर लागतो, बोटाने धरलेली फिल्म म्हणजे बहुतेकदा बायसेक्टिंग. दोन्ही पद्धतींतला फरक फिल्म कुठे उभी राहते इथून सुरू होतो. पॅरललिंगमध्ये फिल्म दाताच्या लांबीला समांतर ठेवायची आणि किरण दोन्हींवर काटकोनात सोडायचा. वरच्या जबड्यात टाळूचा उतार आड येतो, त्यामुळे समांतर राहण्यासाठी फिल्म दातापासून लांब, टाळूच्या मध्याकडे न्यावी लागते. अंतर वाढलं की सावली मोठी आणि धूसर होते. ते भरून काढायला लांब नळी लागते, साधारण ४० सेंटीमीटरची. बायसेक्टिंगमध्ये फिल्म दाताला टेकवतात आणि ती टाळूच्या उताराने तिरकी बसते. दाताची लांबी आणि फिल्म यांच्यात जो कोन होतो, त्याचा मध्य मनात धरायचा आणि त्या काल्पनिक रेषेवर किरण काटकोनात मारायचा. सीशिन्स्की यांनी १९०७ मध्ये मांडलेला हा नियम भूमितीत बिनचूक आहे. अडचण एवढीच की ती रेषा तोंडात कुठे दिसत नाही.

ही अडचण किती महाग पडते ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगते. सत्तरीतल्या एक मावशी, वरच्या डाव्या सुळ्याची आरसीटी. सुळ्याच्या चावण्याच्या टोकापासून मोजून २२ मिलिमीटरवर रबर स्टॉप लावून फाइल आत ठेवली. फिल्म मावशींनी अंगठ्याने धरली. अर्ध्यात "दोतोर, हात दुखता, काढूं?" असंही विचारून झालं. ट्यूबच्या डायलवर +४५ अंश होते, सुळ्यासाठी पुस्तकात सांगतात तेवढेच. तरी फिल्म धुऊन व्ह्यूअरवर लावली तर दात ३० मिलिमीटर भरला, आणि २२ ची फाइल २६ ची दिसत होती.

याला एलोंगेशन म्हणतात. दात खरा लांब आहे की सावली ताणली आहे, हे ठरवायला फाइल हा पुरावा असतो, कारण तिची लांबी आपल्याला ठाऊक असते. प्रमाण काढलं: ३० गुणिले २२ भागिले २६, म्हणजे साधारण २५.४ मिलिमीटर. पण या आकड्यावर मी पूर्ण विसंबत नाही. तिरक्या फिल्मवर सावली सगळीकडे सारखी ताणली जात नाही, त्यामुळे फाइल संपते तिथून अपेक्सपर्यंतचा भाग वेगळ्या प्रमाणात ताणलेला असू शकतो.

डायल बरोबर असताना चूक कुठे झाली? खुर्ची थोडी मागे कललेली होती आणि मावशींची हनुवटी वर होती. डायलचा कोन जमिनीशी मोजला जातो, पण आपल्याला हवा असतो तो दातांच्या चावण्याच्या पातळीशी. ही पातळी समोरून १५ अंश वर उचललेली असेल, तर डायलवरचे ४५ प्रत्यक्षात ३० च उरतात. व्हर्टिकल कोन कमी पडला की दात लांब दिसतो, जास्त झाला की आखूड. आखूड दिसणं जास्त धोक्याचं, कारण अपेक्सच्या आतच थांबलेली फिलिंग पूर्ण झाल्यासारखी भासू शकते.

मग त्याच बैठकीत मी होल्डर घेतला. बाइट ब्लॉकवर फिल्म बसवली, आणि फाइल व रबर डॅमचा क्लॅम्प आड येत होता म्हणून ब्लॉक शेजारच्या दातांवर टेकवून खाली कापसाची गुंडाळी ठेवली. या वेळी फाइल २३ आणि दात २६ मिलिमीटर आला. प्रमाण काढून दात जवळपास २४.९. एक मिलिमीटर वजा करून वर्किंग लेंथ २४ धरली आणि अपेक्स लोकेटरनेही तिथेच दुजोरा दिला. पहिल्या फिल्मवरून निघणाऱ्या आकड्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता, आणि कुणी सरळ ३० वाचून त्यातून एक वजा केला असता तर फाइल हाडात गेली असती. होल्डरच्या फिल्मवरही थोडं मोठेपण आलंच, ते या पद्धतीत राहतंच. पण ते थोडं आणि बऱ्यापैकी एकसारखं असतं, म्हणून हिशेबात धरता येतं.

वरच्या दाढांमध्ये होल्डरचा फायदा आणखी ठळक आहे. बायसेक्टिंगमध्ये नळी वरून येते, त्यामुळे गालाच्या हाडाची सावली नेमकी मुळांच्या टोकांवर पडते. शिवाय बाहेरची दोन मुळं आखूड आणि टाळूकडचं मूळ लांब दिसतं, कारण एकाच कोनाने सगळ्यांना न्याय देता येत नाही.

आता कोनकटबद्दल. किरणांचा झोत फिल्मचा काही भाग चुकवतो आणि तेवढा भाग कोराच राहतो. फिल्मवर तो पारदर्शक दिसतो, सेन्सरच्या स्क्रीनवर पांढरा, आणि गोल नळी असेल तर त्याची कड वक्र असते. ती कड बघितली की पुढची चूक टळते: कोरा भाग अपेक्सच्या बाजूला असेल तर नळी वर न्यायची, डिस्टल बाजूला असेल तर मागे. फिल्मवर कोरा पट्टा दिसला की लगेच एक्स्पोजर वाढवू नका, झोत तिथे पोचलेलाच नसतो. बोटाने धरताना नळी नेमायला खूण नसते, म्हणून ही चूक जास्त होते. होल्डरला रिंग असते. पण होल्डरनेही कोनकट होतोच, आणि माझ्या पाहण्यात त्याची दोन कारणं: पुढच्या दातांचा दांडा मागच्या ब्लॉकला लावणं, किंवा रिंग गालापर्यंत न सरकवणं. जोडणी झाल्यावर रिंगमधून डोकावून बघा, फिल्म रिंगच्या मध्यात दिसली पाहिजे. चौकोनी कॉलिमेटर लावलात तर किरणांचा डोस बराच कमी होतो, पण चुकीला जागाही कमी उरते. होल्डर नसेल तर तो वापरायच्या भानगडीत पडू नका.

बायसेक्टिंग मोडीत काढावी असं मी म्हणत नाही. टाळू उथळ असेल तर पॅरललिंगमध्ये फिल्म थोडी कलली तरी चालतं, साधारण २० अंशांपर्यंत. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या की बरेचदा जमून जातं. त्यापलीकडे, टाळूवर टोरस असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल, लहान मूल असेल किंवा ब्लॉक लागताच उलटी येत असेल, तर बायसेक्टिंगच लागते. तेव्हाही बोटाऐवजी आर्टरी फोर्सेप्सने फिल्म पकडून मूठ रुग्णाच्या हातात द्या. बोट झोतात येत नाही, आणि अंगठ्याने दाबून फिल्म वाकत नाही. वाकलेल्या फिल्मवर अपेक्स ताणलेला दिसतो, तो कोन बदलून सुधारत नाही.

डिचोलीच्या मैत्रिणीला मी सेट आत्ताच घ्यायला सांगितला, पुढच्या आणि मागच्या दातांचे दोन्ही दांडे ऑटोक्लेव्हमध्ये चालणारे आहेत हे तपासून. सेन्सर घेणार असेल तर त्याच सेन्सरच्या मापाचे ब्लॉक मागून घ्यायचे, कारण फिल्मच्या खाचेत जाड सेन्सर बसत नाही. आणि मशीन बसवणाऱ्या माणसाला, तो निघण्याआधी, लांब नळी लावूनच जायला सांगायचं.