आधी ब्रश सेट विकावा की कॅरेक्टर रिग?

प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपचा ब्रश सेट आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रिग केलेलं, म्हणजे आत हाडांचा सांगाडा बसवून हलवता येण्यासारखं केलेलं कॅरेक्टर, दोन्ही एकदा बनवून वर्षानुवर्षं विकता येतात. सुरुवात कशाने करावी हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते: घेणाऱ्याच्या तयार कामात आपलं काय दिसतं? ब्रशचा फराटा त्याच्या चित्रात मुरून जातो. कॅरेक्टरचा चेहरा मात्र जसाच्या तसा पडद्यावर येतो.

म्हणून ब्रशचं लायसन्स दोन वाक्यांत संपतं: काढलेलं चित्र तुमचं, ब्रशची फाईल पुढे कुणाला द्यायची नाही. रिगचं तसं नाही. समजा, तुमची नऊवारीतली आजी एका मसाल्याच्या जाहिरातीत आली आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याने ती पतसंस्थेच्या व्हिडिओत वापरली. दोघांनीही रीतसर पैसे मोजलेत. हे भांडण टाळायचं तर आधीच लिहा की हक्क कुणा एकाला नाही, तिचा ट्रेडमार्क करता येणार नाही आणि क्लायंटला फक्त रेंडर, म्हणजे तयार चित्र किंवा व्हिडिओ द्यायचा, मूळ `.blend` फाईल नाही. मुदत आणि प्रदेशही लिहाच. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या ग्राहकाला हे चालणार नाही.

किमतीत ब्रश मार खातो. अशा डिजिटल फाईली विकायची वेबसाइट गमरोड थेट विक्रीवर १० टक्के आणि वर ५० सेंट घेतं. ५ डॉलरच्या सेटमधून त्यांचा वाटाच १ डॉलर, म्हणजे २० टक्के. ३० डॉलरच्या रिगमधून साडेतीन, म्हणजे १२ टक्क्यांहून कमी. त्यामुळे सुटे ब्रश विकण्यापेक्षा वीसेक ब्रशचा एक सेट करून किंमत थोडी चढी ठेवा.

नमुना दाखवताना मात्र ब्रशवाला निर्धास्त. फराटे मोठ्या आकारात दाखवले तरी ब्रश चोरीला जात नाही. फक्त मूळ टेक्श्चर सपाट, स्वच्छ दाखवू नका. कॅरेक्टरचं मोठं, पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र टाकलंत तर तेच कुणीतरी कापून वापरेल. चालताना, वळताना, बोलतानाचा छोटा व्हिडिओ द्या, आणि कोपर पूर्ण दुमडलेलं जवळून दाखवा. रिग कच्चं असेल तर तिथेच चेपतं, आणि जाणकार आधी तेच बघतो.

रिग विकल्यावरही काम संपत नाही. ब्लेंडर ४.०मध्ये रिगची हाडं गटांत ठेवणारे बोन लेअर जाऊन बोन कलेक्शन आली, तेव्हा रिग हाताळायच्या बटणांचं पॅनल दाखवणाऱ्या, जुन्या लेअरवर चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद पडल्या. शिवाय ब्लेंडर फाईलमधली स्क्रिप्ट आपणहून चालू देत नाही, त्यामुळे "पॅनलच दिसत नाही" अशी तक्रार येतेच. आठवड्यातले दोन-तीन तास अशा उत्तरांना देता येणार नसतील, तर आधी ब्रशच काढा.