एक कॅरेटची अंगठी आणि साडेसहा मिलिमीटर

लेकीच्या साखरपुड्यासाठी आम्ही पुण्यातल्या एका दुकानातून अंगठी घेतली. मध्ये मोठा हिरा आणि त्याच्या कडेने बारीक हिऱ्यांचं कडं. बिलावर लिहिलं होतं, "डायमंड 1.00 कॅरेट", दर कॅरेटमागे 3,20,000. दुकानातला माणूस सगळा वेळ मधल्या हिऱ्यावर बोट ठेवून "एक कॅरेटचा सॉलिटेअर" म्हणत होता. हॉलमार्क होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तो फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याबद्दल काहीच सांगत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझ्या यजमानांनी दुकानातच वजनाचा हिशेब केला होता. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. बिलावरच्या एकूण वजनातून सोन्याचं वजन वजा केल्यावर बरोबर 0.2 ग्रॅम उरलं. आम्हाला वाटलं, झाली खात्री.

महिन्याभराने अंगठी सैल होते म्हणून आमच्या ओळखीच्या, हिरे जडवण्याचं काम करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावलं आणि विचारलं, "वहिनी, एक कॅरेट कुठला सांगितला तुम्हाला?" मधला हिरा जरा उंचावर बसवलेला होता आणि कोंदण मागून उघडं होतं, त्यामुळे काट्यांच्या मधून माप घेता आलं. त्यांनी तीन ठिकाणी व्यास मोजला. सरासरी 5.85 मिमी. वरच्या सपाट पैलूपासून खालच्या टोकापर्यंतची खोली 3.58 मिमी.

नीट पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण 6.4 ते 6.5 मिमीचा असतो. मी म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं? त्यावर त्यांनी जे समजावलं ते मी आता प्रत्येकाला सांगते. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, कारण हिरा रुंदीबरोबर खोलीतही वाढतो. म्हणून अर्ध्या कॅरेटचा हिरा 3.2 मिमीचा नसतो, 5.1 चा असतो. दोन कॅरेटचा 13 चा नसतो, 8.1 चा असतो. व्यासातला थोडासा फरक वजनात केवढा तरी होतो, आणि डोळ्याला तो दिसतच नाही. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या:

```
व्यास (मिमी) ≈ 6.45 × ∛कॅरेट
कॅरेट ≈ व्यास × व्यास × खोली × 0.0061
```

आमचे आकडे दुसऱ्या ओळीत घातले: 5.85 × 5.85 × 3.58 × 0.0061, म्हणजे जवळजवळ 0.75 कॅरेट. पाऊण! पहिल्या ओळीत 0.75 घातलं तरी व्यास 5.86 येतो.

हिरा खोल असेल किंवा त्याची कड जाड असेल, तर वजन तेवढंच राहून व्यास कमी भरतो, हे मी त्यांना विचारलं होतं. ते खरं आहे. खोली व्यासाच्या 65 टक्के असली तर एक कॅरेटचा हिरा 6.3 मिमीवर येतो. पण 5.85 व्यासात एक कॅरेट बसवायचा तर खोली 4.8 मिमी लागेल, म्हणजे व्यासाच्या 82 टक्के. असा गोल हिरा कोणी मुद्दाम पाडत नाही. हे गणित हिऱ्याचंच आहे, हेही लक्षात ठेवा. माणिक आणि नीलम हिऱ्यापेक्षा जड, म्हणून त्याच वजनात लहान दिसतात. पाचू हलका, म्हणून मोठा.

मग उरलेला पाव कॅरेट? तो कड्यात होता. दीड मिमीचे सोळा हिरे, एकेक साधारण 0.015 कॅरेटचा, मिळून 0.24. म्हणून यजमानांचा हिशेब जुळला होता. वजन एकूण खरंच एक कॅरेट होतं, फक्त एका हिऱ्याचं नव्हतं. त्या कड्यामुळेच मधला हिरा मोठाही भासत होता.

दर मात्र सगळ्या वजनाला एक कॅरेटच्या अखंड हिऱ्याचा लावलेला. हिरा मोठा झाला की कॅरेटमागचा दरच वाढतो. दुसऱ्या सराफाने त्याच प्रतीच्या पाऊण कॅरेटला कॅरेटमागे 2,30,000 आणि बारक्यांना 60,000 सांगितले. म्हणजे 1,72,500 अधिक 14,400, एकूण 1,86,900. आम्ही दिले होते 3,20,000.

दुकानदार म्हणाला, "बिलात एकूण वजनच असतं, मॅडम." बिलावर नगांची संख्या नव्हती, मधल्या हिऱ्याचं वेगळं वजन नव्हतं, मिलिमीटर नव्हते. तुम्ही घ्याल तेव्हा या तीन गोष्टी पैसे देण्याआधी लिहून मागा, आणि मधल्या हिऱ्याच्या प्रमाणपत्रावरचा व्यास अंगठीतल्या हिऱ्याशी समोरच मोजून पाहा. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे, काकांचा मापांचा कागद बिलाला जोडून.