सात महिने टाइमटेबल सॉफ्टवेअर वापरल्यावर: शाखा बदलायचा अर्धा तास

आमच्या क्लासच्या दोन शाखांचं वेळापत्रक ज्यावर बनतं त्या सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण त्यांच्या सपोर्टशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. बॅच, खोल्या, शिक्षक भरायचे आणि बटण दाबायचं, हा भाग बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तो सोडून देते. वेळापत्रक बनवतं झटपट, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्याच आठवड्यात फिजिक्सचे सर मुख्य शाखेत सहाला तास संपवून दुसऱ्या शाखेत पोचले तेव्हा सहा पंचवीस झाले होते. वेळापत्रकात त्यांचा तिथला तास सहाचा होता. मुलं रिकामी बसलेली, पालकांचे फोन सुरू आणि स्क्रीनवर मात्र 'क्लॅश नाही' अशी हिरवी खूण. सॉफ्टवेअरच्या लेखी एक माणूस एकाच वेळी दोन खोल्यांत नसला की झालं. शाखा बदलताना लागणारा वेळ वेगळ्या रकान्यात भरावा लागतो आणि तिथे आधीपासून शून्य असतं. तुम्हीही हिरव्या खुणेवर जाऊ नका. बॅचनिहाय पानावर ही चूक दिसतच नाही. शिक्षकनिहाय पान उघडा आणि लागोपाठच्या दोन तासांपुढे वेगवेगळ्या शाखा आहेत का ते बघा.

मग मी त्या रकान्यात वेळ भरायला गेले आणि खरा त्रास सुरू झाला. तो मिनिटांत नाही, तासिकांत मागतात. आमची तासिका ६० मिनिटांची. प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा, पण किमान एक तासिका सोडावी लागते. म्हणजे सर चार ते सहा शिकवणार, सात वाजेपर्यंत बसून राहणार, मग सात ते नऊ. पाच तासांच्या संध्याकाळीत चारच तास. तासावर मानधन घेणारा माणूस रोज एक तास फुकट का घालवेल?

सपोर्टने सांगितलं, तासिका १५ मिनिटांची करा, एका तासाला चार तासिका द्या आणि मध्ये तीन मोकळ्या सोडा. ऐकायला बरोबर वाटलं, म्हणून केलं. मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी काही तास लावलेच नाहीत. कारण मला कागदावर हिशेब मांडल्यावर कळलं. दुसऱ्या शाखेत दोनच खोल्या आहेत. चार ते नऊ, प्रत्येकी पाच तास, म्हणजे दहा. आम्हाला लागतात नऊ. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे दोन्ही सर मुख्य शाखेतून पावणेसातला येणार आणि लगेच दोन-दोन तास घेणार, म्हणजे एकाच वेळी दोन्ही खोल्या अडल्या. चार ते पावणेसातमध्ये प्रत्येक खोलीत दोन तास बसतात, पुढे नऊपर्यंत दोन. खोलीमागे चार, एकूण आठ. नऊ तास आठांत बसणारच नाहीत. शिक्षकांचा वेळ वाचवायला गेलो आणि खोल्यांचा वेळ वाया गेला. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, फक्त 'शक्य नाही' म्हणतं.

मार्ग सापडला तो दोन शाखांची घड्याळं अर्ध्या तासाने सरकवल्यावर. मुख्य शाखा चार ते नऊ, दुसरी साडेचार ते साडेनऊ. सर सहाला सुटतात, साडेसहाला दुसरीकडे तास. उलट दिशेनेही तेच: तिकडे साडेपाचला सुटले की इकडे सहाचा तास मिळतो. खोल्यांत फट राहत नाही, दहाचे दहा तास मिळतात आणि सरांना हवा तर साडेआठचा पाचवा तासही घेता येतो. किंमत एवढीच की दुसरी शाखा अर्धा तास उशिरा बंद होते.

सॉफ्टवेअरमध्ये हे करायला तासिका अर्ध्या तासाची ठेवा, प्रत्येक तासाला दोन तासिका द्या आणि शाखा बदलायला एक मोकळी सोडा. मुख्य शाखेचे तास पूर्ण तासाला आणि दुसरीचे साडेला सुरू व्हावेत ही अट मात्र मला एकेका तासाला हाताने लावावी लागली. आठवड्याचे चोपन्न तास एकट्या दुसऱ्या शाखेचे. शाखेसाठी एकच अट का नाही, असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा महागडा प्लॅन घ्या हेच उत्तर आलं, आणि त्या दिवशी मी वर्गणी बंद करायचं ठरवलं होतं.

नंतर तिथल्याच एका मुलीने फोनवर दाखवलं की तासांना टॅग लावून अट एकदम देता येते, आहे त्याच प्लॅनमध्ये. वीस मिनिटांचं काम. त्यामुळे माझं मत बरंच बदललं, पण हे मदतीच्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही याचा राग गेलेला नाही.

अजून एक लक्षात ठेवा. एक शिक्षक दिवसात एकदाच शाखा बदलेल अशी मर्यादा घाला, नाहीतर मशीन सरांना दोनदा पळवतं आणि वाटेतच एक तास संपतो.

वर्गणी सध्या सहा महिन्यांसाठीच वाढवली आहे, वर्षाची नाही. पुढे तिसरी शाखा उघडायची आहे आणि तिथे ही युक्ती चालणार नाही. घड्याळं दोनच, पूर्णची आणि साडेची, त्यामुळे तीनपैकी दोन शाखा एकाच घड्याळावर येणार आणि त्या दोघींमध्ये जाणाऱ्याला पुन्हा पूर्ण तास सोडावा लागणार. म्हणून एकमेकींपासून सर्वांत लांबच्या दोन शाखा एका घड्याळावर ठेवून त्यांच्यात कुणालाच फिरवायचं नाही, असं मी आत्ताच मांडून बघते आहे.