चालू मीटिंगचा सारांश: काही महिने वापरल्यावर

उशिरा आलेल्याने 'आतापर्यंत काय झालं?' असं विचारायचं आणि कोणीतरी बोलणं थांबवून ते सांगायचं, हे आमच्या टीममध्ये आता जवळपास बंद झालंय. ऑनलाइन मीटिंगला जॉइन झाल्या झाल्या बाजूला सारांशाच्या पाच-सहा ओळी दिसतात. लाइव्ह कॅप्शनवरून त्या आपोआप तयार होतात आणि मीटिंग पुढे सरकते तशा बदलतात. चालू विषय काय आहे, कोण काय मांडतंय, हे त्यातून नेमकं कळतं. भरवसा कमी पडतो तो 'ठरलं' या शब्दावर.

सर्व्हर हलवायच्या मीटिंगचंच घ्या. मी पोचले तेव्हा सारांशात होतं, 'शनिवारी रात्री सर्व्हर हलवायचं ठरलं'. दोन ओळींखाली, 'बॅकअपची चाचणी बाकी'. वाचणाऱ्याला वाटेल, शनिवार पक्का, चाचणी तेवढी उरकायची. मी कॅप्शन उघडली. 10:07 ला शनिवार ठरला होता. 10:16 ला डेटाबेस सांभाळणारा सहकारी म्हणाला, "बॅकअप रिस्टोअर करून बघितल्याशिवाय शनिवार धरू नका." मॅनेजर म्हणाल्या, "बरं, मग तसंच करू." म्हणजे शनिवार आता पक्का राहिलाच नव्हता.

असं होण्याचं कारण सारांश बनवण्याच्या पद्धतीत आहे. हे टूल दर वेळी सगळी कॅप्शन पुन्हा वाचत नाही. आधीचा सारांश घेतं आणि त्यात नवा भाग मिसळतं. त्यामुळे ते झटपट चालतं, पण एकदा लिहिलेली ओळ सहसा टिकून राहते. 'तसंच करू' या दोन शब्दांच्या होकारात शनिवारचं नावही नाही, मग जुनी ओळ खोडायची कशावरून? सुरुवातीपासून नव्याने सारांश काढायचं बटण आहे. ते दाबल्यावर थोडं थांबावं लागलं, पण ओळ बदलली: 'शनिवार तात्पुरता, बॅकअप तपासल्यावर नक्की होईल'. एकाच विषयावर दोन ओळी दिसल्या आणि दुसरीत एखादी अट असली, की मी आता आधी हे बटण दाबते.

मूळ कॅप्शनच चुकलेली असेल तर मात्र या बटणाचा उपयोग नाही. दोघं एकदम बोलले की 'नको' किंवा 'नाही' गळून पडतं आणि वाक्याचा अर्थ उलटतो. तिथे थेट विचारलेलंच बरं, तेही नेमकं: "शनिवार पक्का आहे का?" याला उत्तर द्यायला कोणाला वेळ लागत नाही.

आणखी एक. बोलणारा वाक्य पुरं करेपर्यंत कॅप्शनमधले शब्द बदलत राहतात, म्हणून सारांश पक्क्या झालेल्या वाक्यांवरूनच बनतो आणि थोडा मागे असतो. तळाशी '10:19 पर्यंत' असं बारीक अक्षरात येतं, ते आवर्जून बघा. त्यानंतरचं ऐकूनच समजून घ्यावं लागतं.

बनवणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच: प्रत्येक 'ठरलं' शेजारी त्याची वेळ द्या आणि त्यावर क्लिक केल्यावर ती कॅप्शन उघडू द्या.