बंद बेडरूमसाठी एचआरव्ही की साधा ताज्या हवेचा पंखा?

घट्ट बंद बेडरूममध्ये दोघं झोपले की तासाला साधारण 25 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. 30 घनमीटरच्या खोलीत आकडा तासाला 800 पीपीएमने चढू लागतो, आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. तासाला 50 घनमीटर बाहेरची हवा मिळाली की तो 900च्या आसपास स्थिरावतो, मग ती साध्या पंख्याने येवो की एचआरव्हीने, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणाऱ्या यंत्राने.

फरक आहे उष्णतेचा. जर्मनीत बाहेर उणे 5 आणि आत 20 अंश असताना एवढी हवा तापवायला 400 वॉट लागतात. एचआरव्ही बाहेर जाणाऱ्या हवेतून त्यातले 300 परत मिळवते, गार झोतही टळतो. तिथे तीच घ्यावी.

पुण्यात रात्री फरक जेमतेम 5 अंशांचा. एसीवर जादा भार 80-85 वॉट उष्णतेचा, म्हणजे 25 वॉट वीज; तेवढी तर एचआरव्हीचे दोन पंखेच खातात. मुंबईचा दमटपणाही ती अडवत नाही, त्यासाठी ओलावा अदलाबदल करणारा गाभा लागतो. इथे मी फिल्टर लावलेला साधा पंखाच बसवेन.

मात्र दाराखाली बोटभर फट हवीच. दार किलकिलं केल्यावर कार्बन डायऑक्साइड मीटरचा आकडा झपाट्याने उतरला, तर हवेला बाहेर पडायला वाट नाही असं समजा.