लांबलेला संवाद: दोन सबटायटल्समध्ये तोडावा की छाटावा?

संवाद वेळेत मावत नसला की दोन वाटा असतात. एक, तो तोडून पाठोपाठ दोन सबटायटल्स द्यायची. दुसरी, मजकूर छाटून एकच ठेवायचं. मी बरीच वर्षं तोडत आलो, कारण त्यात मूळ वाक्यातलं काही गाळावं लागत नाही. आता शक्यतो छाटतो. ते कशामुळे बदललं, ते सांगतो.

एका घरगुती प्रसंगात आई मुलाला तीन सेकंदांत झापते. माझा पहिला अनुवाद होता: ‘मी तुला कालच सांगितलं होतं ना, दार उघडं टाकून जाऊ नकोस म्हणून!’ काना, मात्रा, अनुस्वार, जागा सगळं मोजलं तर 62 अक्षरं, म्हणजे सेकंदाला जवळपास 21. मर्यादा होती 17. ‘ना’पाशी तोडलं. ओळी 30 आणि 31 अक्षरांच्या, एका ओळीच्या 42 अक्षरांच्या मर्यादेच्या कितीतरी आत, दिसायला सुटसुटीत. पण वेळ तीच तीन सेकंदांची! उलट दोन सबटायटल्समध्ये दोन फ्रेम मोकळ्या सोडाव्या लागल्या, त्यामुळे वेग किंचित वाढलाच. तोडल्याने ओळ आखूड होते, वाचायला जास्त वेळ मिळत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शेवटचा मजकूर अर्धा सेकंद रेंगाळू दिला असता तर बरंच भागलं असतं, पण संवाद संपताच शॉट बदलत होता. कटवरून ओढलेलं सबटायटल नवंच आल्यासारखं वाटतं आणि डोळा तेच पुन्हा वाचायला लागतो.

मला खरं खुपलं ते वेगळंच. आई बोलत असताना मुलगा हळूच किल्ली खिशात सरकवतो. तयार प्रत प्रेक्षकासारखी सलग पाहिली, तेव्हा ती किल्ली माझ्याकडूनच सुटली. पहिली ओळ संपते न संपते तोच खाली दुसरी उमटली आणि नजर पुन्हा डावीकडे धावली. मग लिहिलं: ‘कालच बजावलं ना, दार उघडं टाकू नकोस!’ 35 अक्षरं, एकच ओळ, सेकंदाला 12च्या आत. ‘सांगितलं होतं’चं काम ‘बजावलं’ने केलं आणि आईचा आवाजही चढाच राहिला. गेलं ते मुख्यतः ‘मी तुला’, आणि ते तर पडद्यावर दिसतंच आहे.

तोडणं मी सोडलेलं नाही. वाक्याच्या शेवटी गुपित फुटत असेल तर नटाच्या आधी ते वाचलं जाऊ नये म्हणून तोडतोच, फक्त आधी थोडं छाटून. मूळ भाषा अर्धीमुर्धी कळणारा प्रेक्षक असेल तर छाटणी त्याला खटकू शकते. कानावर पडलेला शब्द तो खाली शोधतो. अशा वेळी नावं आणि आकडे तरी मी गाळत नाही. एरवी मात्र कात्री आधी मजकुराला लावतो, टायमिंगला नंतर.